बोलीतले वाक्य आणि वाचणारा आवाज

मोबाइलच्या पडद्यावर येणारे छोटे, घरगुती ढंगाचे संदेश मराठीत आणणे दिसते तितके सोपे नसते. ‘ऊप्स, समथिंग वेंट राँग. ट्राय अगेन इन अ बिट’ या इंग्रजी संदेशाचे ‘त्रुटी आली आहे. कृपया काही वेळाने पुन्हा प्रयत्न करा’ असे भाषांतर केले की अर्थ पोहोचतो, पण बोलणारे माणूस हरवते. म्हणून चांगला भाषांतरकार लिहितो: ‘अरेच्चा, काहीतरी चुकलं. जरा थांबून परत बघा ना.’ डोळ्यांनी वाचणाऱ्याला हे वाक्य पटकन आपले वाटते. पण ज्याला दिसत नाही आणि ज्याचा फोन पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, त्याच्या कानावर ‘चुकलम्’ किंवा ‘चुकलन्’ येऊ शकते, ‘जरा’मधला ज ‘जिल्हा’मधल्या ज सारखा ऐकू येऊ शकतो आणि ‘बघा ना’मधली विनंती सपाट होऊ शकते. औपचारिक भाषांतरात यातल्या बहुतेक अडचणी येत नाहीत. त्या बोलीतूनच येतात, कारण मराठीचे बोलके रूप लिहिण्यासाठी जी चिन्हे वापरली जातात, त्यांचा उच्चार लिपीवरून सरळ कळत नाही.

वाचून दाखवण्याचे काम दोन वेगवेगळी सॉफ्टवेअर मिळून करतात. पहिले स्क्रीन रीडर. पडद्यावर काय आहे ते शोधणे, कुठला मजकूर कधी वाचायचा ते ठरवणे आणि विरामचिन्हांपैकी कोणती उच्चारायची हे पाहणे ही त्याची कामे. संगणकावरचा एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर २००६ साली ऑस्ट्रेलियात सुरू झाला. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतो, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. दुसरे सॉफ्टवेअर म्हणजे प्रत्यक्ष आवाज. स्क्रीन रीडरने हाती दिलेल्या अक्षरांचे ध्वनी करायचे, त्यांना चढउतार द्यायचे आणि ऐकवायचे, हे त्याचे काम. एकाच फोनवर तीन-चार आवाज असू शकतात आणि प्रत्येकाचे उच्चाराचे नियम वेगळे असतात. त्यामुळे वाक्य एका आवाजात नीट ऐकू आले म्हणजे काम झाले असे नसते.

लेखनाकडे वळण्याआधी एक गोष्ट पाहावी लागते: आवाज मराठीचा आहे का. देवनागरी मजकूर मराठी आहे, हिंदी आहे की नेपाळी, हे लिपीवरून कळत नाही. पानावर भाषेची खूण नसेल तर तो मजकूर हिंदी आवाजाच्या हाती जाण्याची शक्यता मोठी. मग ‘कृपया’चे ‘क्रिपया’ होते, ‘ज्ञान’चे ‘ग्यान’ होते आणि ‘पैसे’मधला ऐ हिंदी पद्धतीने पसरट होतो. असे उच्चार ऐकून भाषांतरकार शुद्धलेखनात बदल करू लागतो आणि दुरुस्ती भलत्याच जागी होते. वेबपानावर ही खूण एवढीशी असते:

```
<p lang="mr">काहीतरी चुकलं.</p>
```

‘क्रिपया’ किंवा ‘ग्यान’ ऐकू आले तर शब्दांना हात न लावता आधी ही खूण तपासावी.

आता मुख्य अडचण. ‘चुकलं’वरचा टिंब हा अनुस्वार असला तरी प्रमाण मराठीत तिथे नाकातला उच्चार नाही. जुन्या मराठीत ‘चुकलें’ असे सानुनासिक रूप होते. तो अनुनासिक पुढे बोलण्यातून गेला. कोकणीत अशा रूपांत तो आजही ऐकू येतो. मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या लेखनविषयक नियमांना १९६२ साली शासनाची मान्यता मिळाली, त्यांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि लिखाणात ‘चुकले’, ‘केले’, ‘सांगितले’ ही एकारान्त रूपे ठेवली. बोलणे जसेच्या तसे दाखवायचे असेल तिथे मात्र शेवटच्या अक्षरावर टिंब द्यायचा, ही सोय राहिली. या टिंबाचे काम एकच: शेवटचा अ पूर्ण उच्चारायचा, किंचित लांबवायचा. ‘चुकल’ असे लिहिले तर मराठी वाचक शेवटचा अ गिळून ‘चुकल्’ म्हणेल, कारण मराठीत शब्दाच्या शेवटचा अ सहसा उच्चारला जात नाही. टिंब त्या गिळण्याला अडवतो.

वाचकाला हे शाळेपासून अंगवळणी पडलेले असते. आवाजाला ते वेगळे शिकवावे लागते. ज्या आवाजाचे नियम हिंदीवरून किंवा सगळ्या देवनागरीसाठी एकत्र केलेले असतात, तो टिंब दिसताच नाकातला ध्वनी काढतो. म्हणूनच भाषांतरकाराच्या मनात पहिला मोह येतो तो टिंब काढून टाकण्याचा. ‘काहीतरी चुकल’ असे लिहिले की नाकातला ध्वनी जातो हे खरे, पण त्याबरोबर शेवटचा अही जातो आणि ‘चुकल्’ हा तुटका शब्द उरतो. दुसरा मोह ‘चुकलऽ’ असा अवग्रह जोडण्याचा. काही आवाज त्यावर अ लांबवतात, काही त्या चिन्हाकडे दुर्लक्ष करतात, तर काही ‘अवग्रह’ असे चिन्हाचे नावच वाचून दाखवतात. तिसरा उपाय ‘चुकला’ लिहिण्याचा. तो कानाला जवळचा वाटतो, पण त्याने लिंग बदलते. या तिन्हींपेक्षा ‘चुकलं’ हेच लेखन ठेवणे योग्य. ते बरोबर आहे, वाचकाच्या ओळखीचे आहे आणि चांगल्या मराठी आवाजांना कळणारेही आहे.

खरी गुंतागुंत पुढे आहे. बोलीत हा टिंब शब्दाच्या शेवटीच राहतो असे नाही. ‘खरंच’, ‘असंच’, ‘बरंच’, ‘सगळंही’, ‘झालंय’, ‘होतंय’ या रूपांत तो मध्ये सरकतो, कारण च, ही किंवा ‘आहे’चा य मागून जोडलेला असतो. ‘पंच’मधला टिंब ञ सारखा नाकात जातो, ‘खरंच’मधला अजिबात जात नाही. अक्षरांच्या रचनेवरून दोन्हींत काही फरक दिसत नाही. ‘संच’ आणि ‘असंच’ यांची शेवटची दोन अक्षरे तर तंतोतंत सारखी आहेत. त्यामुळे ‘शब्दाच्या शेवटचा टिंब नाकात नेऊ नये’ हा नियम आवाजात घातलेला असला तरी ‘खरंच’ त्यातून निसटतो आणि ‘खरञ्च’ असा ऐकू येतो. अशा शब्दांची यादीच करावी लागते. एका सूत्रात ते बसत नाहीत.

इथे भाषांतरकाराच्या हातात एक चांगला उपाय असतो. लेखन मोडण्याऐवजी त्याला शब्द बदलता येतो. ‘खरंच’ऐवजी ‘खरोखर’ चालते आणि तेही बोलीतलेच आहे. ‘काहीतरी चुकलंय’ ऐवजी ‘काहीतरी चुकलं’ पुरते. ‘डाउनलोड झालंय’ हे ‘डाउनलोड झालं’ असे लिहिले तर टिंब शेवटी येतो आणि बहुतेक मराठी आवाजांना झेपतो. ‘चुकलंय’ आणि ‘चुकलं’ यांत बारीक छटा आहे, ती कुठे सोडता येईल आणि कुठे नाही हे वाक्य पाहून ठरवावे. ‘लोड होतंय’ला मात्र असा सोपा पर्याय नाही. ‘लोड होत आहे’ म्हटले की सूर औपचारिक होतो. अशा ठिकाणी बोली राखून आवाजाच्या कोशात दुरुस्ती करणे बरे.

च आणि ज यांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे लेखनात करण्यासारखे काहीच नाही. मराठीत ‘चार’ हा आकडा ‘चिंच’मधल्या च ने सुरू होतो आणि ‘गुरांना चारा चार’ यातला ‘चार’ दातांजवळच्या च ने. ‘जरा थांब’मधला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ यांचेही तसेच. लेखन एक, उच्चार दोन. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतला झ सुद्धा वेगळा आहे. बोलीतल्या छोट्या वाक्यांत दातांजवळचे हे ध्वनी जागोजागी येतात: चला, चालेल, चुकलं, जरा, जा, झालं. आवाजाला फक्त एकच च ठाऊक असेल तर ही सगळी वाक्ये परक्या वळणाने ऐकू येतात, तरी अर्थ बहुधा कळतो.

यावर ज खाली नुक्ता देऊन ‘ज़रा’ लिहिण्याचा उपाय सुचवला जातो. तो टाळावा. नुक्त्याने हिंदी आवाजात इंग्रजी झेडसारखा ध्वनी येतो, मराठीचा नव्हे. शिवाय ‘जरा’ शोधणाऱ्याला ‘ज़रा’ सापडत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत. ‘त्सला’, ‘द्झरा’ असे ध्वनीप्रमाणे लिहिणे तर त्याहून वाईट. स्क्रीन रीडर वापरणारे अनेकजण शब्द कळला नाही तर तो अक्षर-अक्षर वाचून घेतात. काहीजण ब्रेल पट्टीवर बोटांनी वाचतात. त्यांच्या बोटांखाली ‘त्सला’ येणार. दिसणाऱ्या माणसाला शुद्ध मराठी आणि न दिसणाऱ्याला मोडके, हा व्यवहार मान्य करण्यासारखा नाही. वेबपानावर बटणाला न दिसणारे वेगळे नाव देण्याची जी सोय असते, तिच्यात असे ध्वनीलेखन लपवण्याची युक्तीही याच कारणाने चुकीची. ते नाव ब्रेल पट्टीवरही जाते.

दिसायला बरोबर पण आतून चुकलेली अक्षरे हा मात्र पूर्णपणे लेखनाचा विषय आहे आणि तिथे दुरुस्ती शंभर टक्के लिहिणाऱ्याच्या हातात असते. सर्वांत जास्त आढळणारी चूक विसर्गाची. ‘स्वतः’ किंवा ‘दुःख’ टाइप करताना कीबोर्डवर विसर्ग सापडला नाही की अपूर्णविरामाचे चिन्ह दिले जाते. डोळ्याला फरक कळत नाही. आवाजाला मात्र ‘दु’ हा एक शब्द, मग विराम, मग ‘ख’ हा दुसरा शब्द असे दिसते आणि तो तसेच वाचतो. विरामचिन्हे वाचण्याची पातळी वाढवलेली असेल तर मध्ये ‘कोलन’ही म्हणतो. ‘स्वत:च करून बघा’ यातला ‘च’ अशाने एकटा पडतो.

दुसरी चूक अर्ध्या र ची. ‘दऱ्या’ म्हणजे खोल दरी अनेक, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. पहिल्यात द वर आघात नाही, दुसऱ्यात आहे. ‘दुसऱ्यांदा बघा’, ‘बऱ्यापैकी जमलं’ अशा वाक्यांत हा अर्धा र येतो. तो दोन प्रकारे टाइप होतो. एक प्रकार ऱ हे स्वतंत्र अक्षर, म्हणजे U+0931, आणि त्याला हलन्त. दुसरा प्रकार साधा र, हलन्त आणि त्यानंतर जोडणीचे एक अदृश्य चिन्ह, U+200D. अडचण अशी की मजकूर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना अदृश्य चिन्हे कधीकधी गाळली जातात आणि मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, दिसायलाही आणि ऐकायलाही. म्हणून पहिला प्रकार खात्रीचा.

‘ॲप’मधल्या ॲ चेही असेच आहे. २००८ साली युनिकोडमध्ये त्यासाठी U+0972 हे स्वतंत्र अक्षर आले. त्याआधी अ वर चंद्र देऊन काम भागवत आणि ती सवय अजून टिकून आहे. दोन्ही रूपे पडद्यावर सारखी दिसतात. जुन्या आवाजाला नवे अक्षर ठाऊक नसते, तर काही आवाज अ वेगळा आणि चंद्र वेगळा वाचतात. स्वतंत्र अक्षर वापरावे आणि संपूर्ण मजकुरात एकच रूप ठेवावे, म्हणजे कोशात दुरुस्ती करायची वेळ आली तर एकदाच करावी लागते.

विरामचिन्हांनी शब्दांचे उच्चार बदलत नाहीत, पण वाक्याचा सूर तेच ठरवतात आणि बोलीतल्या वाक्याचा निम्मा अर्थ सुरात असतो. ‘झालं?’ आणि ‘झालं.’ यांत एकही अक्षर वेगळे नाही. मराठीत ‘का’ किंवा ‘काय’ न लावता नुसत्या सुरावर प्रश्न विचारता येतो आणि बोलण्यात तसेच विचारतात. प्रश्नचिन्ह राहिले तर आवाज सूर खाली आणतो आणि प्रश्नाचे विधान होते. भाषांतरात बटणांच्या मजकुरावरून विरामचिन्हे गाळण्याची पद्धत असते, ‘निघायचं?’ अशा बटणावर ती पाळू नये.

स्वल्पविरामाचे काम श्वासाएवढी जागा करण्याचे. ‘चल, निघते’ यात हाक आणि सांगणे वेगळे राहते. ‘चल निघते’ एका दमात वाचले जाते. ‘नको, थांब’ आणि ‘नको थांबू’ यांच्यातले अंतर तर सांगायलाच नको. उद्गारवाचक शब्दानंतर स्वल्पविराम घ्यावा की उद्गारचिन्ह, हा प्रश्न नेहमी येतो. बहुतेक आवाज उद्गारचिन्हाला वाक्याचा शेवट समजतात आणि लांब थांबतात. ‘अरेच्चा! काहीतरी चुकलं’ मधले दोन तुकडे त्यामुळे सुटे पडतात. ‘अरेच्चा, काहीतरी चुकलं’ मध्ये ते एकाच बोलण्यातले राहतात. दिसणाऱ्या वाचकाला उद्गारचिन्ह अधिक जिवंत वाटेल, तरी इथे कानाचा कौल मानावा, कारण स्वल्पविरामाने डोळ्यांचे काही बिघडत नाही.

टिंबांची मालिका जपून वापरावी. ‘जरा थांबा...’ मधली तीन पूर्णविरामे काही ठिकाणी ‘डॉट डॉट डॉट’ अशी वाचली जातात. मालिका द्यायचीच तर ‘…’ हे एकच चिन्ह द्यावे आणि पुढे शब्द असेल तर जागा सोडावी. ‘चुकलं...जरा’ असे चिकटून लिहिले तर त्याचे दोन शब्द करायचे की एक, याबद्दल आवाज गोंधळतो. ‘ना’ हा शब्द मागच्या क्रियापदापासून सुटाच लिहावा. ‘बघा ना’ ऐवजी ‘बघाना’ लिहिले की तो एक अनोळखी शब्द होतो. विनंतीच्या ‘ना’पुढे पूर्णविराम आणि विचारण्याच्या ‘ना’पुढे प्रश्नचिन्ह, एवढे पाळले तर ‘बघा ना.’ आणि ‘जमलं ना?’ हे दोन्ही आपापल्या सुरात येतात.

लेखन आणि चिन्हे नीट करूनही जे उरते, ते आवाजाच्या बाजूला दुरुस्त करायचे असते. एनव्हीडीएमध्ये वापरणाऱ्याला स्वतःचा उच्चारकोश ठेवता येतो: हे अक्षरसमूह दिसले तर आवाजाकडे त्याऐवजी हे पाठव. पडद्यावरचा मजकूर त्याने बदलत नाही. ‘खरंच’, ‘असंच’ अशा शब्दांसाठी एकेक नोंद पुरते. शेवटच्या ‘लं’साठी मात्र सूत्र लिहावे लागते आणि तिथे एक छुपा खड्डा आहे. अशा सूत्रांत शब्दाची सीमा दाखवण्यासाठी सहसा `\b` वापरतात. एनव्हीडीए ज्या पायथॉन भाषेत लिहिला आहे, तिच्या नेहमीच्या सूत्रांत काना, मात्रा, अनुस्वार ही चिन्हे शब्दाचा भाग मानली जात नाहीत, त्यामुळे ‘लं’नंतरची सीमा तिला भलतीकडेच दिसते. म्हणून सीमा स्वतः लिहावी:

```
लं(?=[\s,.!?…]|$)
```

याच्या जागी काय पाठवायचे ते आवाजावर अवलंबून. ल चा पाय मोडून पुढे स्वतंत्र अ दिलेले ‘ल्अ’ हे रूप करून पाहण्यासारखे आहे, कारण स्वतंत्र अ गिळण्याचा नियम बऱ्याच आवाजांत नसतो. ऐकूनच ठरवावे.

जिथे सॉफ्टवेअर स्वतः आवाजाला मजकूर देते, उदाहरणार्थ टेलिफोनवरची स्वयंचलित उत्तरे, तिथे ध्वनी थेट लिहून देता येतो. त्यासाठीची खूणभाषा, एसएसएमएल, २००४ साली मानक म्हणून मान्य झाली:

```
<phoneme alphabet="ipa" ph="t͡sukləː">चुकलं</phoneme>
```

यात दातांजवळचा च आणि शेवटचा लांब अ दोन्ही एकाच वेळी सुटतात. मात्र वेबपान वाचणारा स्क्रीन रीडर या खुणा सहसा पाहतच नाही, त्यामुळे तिथे हा उपाय चालत नाही.

तपासणीसाठी मोफत मिळणारा ईस्पीक एनजी हा आवाज फार उपयोगी पडतो, कारण तो कोणत्या ध्वनींचा विचार करतो आहे ते लिहून दाखवतो:

```
espeak-ng -v mr -q --ipa "चुकलं"
```

आलेल्या ओळीच्या शेवटी म, न किंवा अनुनासिकाची खूण दिसली तर टिंब नाकात गेला. शेवटी नुसता ल असेल तर अ गिळला गेला. हीच ओळ ‘खरंच’, ‘झालंय’, ‘जरा’ यांच्यासाठी चालवली की कोणते शब्द कोशात घालायचे याची यादी हाती येते.

सुरुवातीचे वाक्य या वाटेने नेले तर काय होते ते पाहता येईल. घाईतला कच्चा मसुदा असा असू शकतो: ‘अरेच्चा!काहीतरी चुकलंय...जरा थांबून परत बघाना’. उद्गारचिन्हाला चिकटलेला शब्द सुटा करून तिथे स्वल्पविराम घेतला. ‘चुकलंय’मधला मधला टिंब धोक्याचा आणि इथे ‘आहे’ची छटा गरजेची नाही, म्हणून ‘चुकलं’. तीन टिंबांच्या जागी पूर्णविराम, कारण तिथे खरोखर वाक्य संपते. ‘बघाना’ सुटे केले आणि शेवटी पूर्णविराम दिला. ‘जरा’ला हात लावला नाही, ‘थोडं थांबून’ असे बदलून ज टाळता आला असता, पण ‘थोडं’ने पुन्हा शेवटचा टिंब आणला असता आणि ‘जरा’ची सहजता गेली असती. तयार झालेले ‘अरेच्चा, काहीतरी चुकलं. जरा थांबून परत बघा ना.’ हे वाक्य मग निदान दोन वेगळ्या आवाजांत, आधी सावकाश आणि नंतर भरभर ऐकायचे. सरावलेले ऐकणारे आवाजाची गती बरीच वाढवून ठेवतात आणि सावकाश गतीत चालून गेलेला ‘चुकलन्’ भरधाव वेगात पुढच्या ‘जरा’त मिसळून वेगळाच शब्द बनतो. शेवटी तेच वाक्य अक्षर-अक्षर वाचायला लावायचे. त्यात नुक्ता, अदृश्य जोडचिन्ह किंवा विसर्गाच्या जागी आलेला कोलन राहिला असेल तर तो तिथे पकडला जातो.

हे ऐकण्याचे काम रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या मराठी माणसाकडे द्यावे. दिसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाक्य असते, त्यामुळे त्याच्या कानाला जे लिहिले आहे तेच ऐकू आल्यासारखे वाटते.